भूकंपालेखाच्या फोटोत पहिली थरथर कोणती आणि मोठी लाट कोणती?

पुतणीने पाठवलेल्या फोटोवर तिने दोन लाल बाण काढले होते. एकाखाली ‘पी’ लिहिलं होतं, म्हणजे भूकंपाची आधी पोचणारी लहर, आणि दुसऱ्याखाली ‘एस’, म्हणजे तिच्यामागून येणारी. रेघ जिथे सगळ्यात उंच उडाली होती तिथे तिने एस ठेवला होता आणि पहिली बारीकशी वळवळ दिसली तिथे पी. खाली प्रश्न होता, “काका, भूकंपाचे अंतर २८३ किलोमीटर येते. बरोबर ना?”

बरोबर नव्हतं. उत्तर मला आधीपासून माहीत होतं, कारण तो कागद मीच तयार केला होता. नागपूरपासून २३६ किलोमीटरवर, म्हणजे साधारण जबलपूरइतक्या अंतरावर, जमिनीखाली ३५ किलोमीटर खोल भूकंप झाला तर इथल्या भूकंपमापक यंत्राच्या फिरत्या ड्रमवर काय उमटेल याचा हिशेब करून मी ती रेघ संगणकावर आखली आणि छापली. मग कागद ड्रमला गुंडाळून मोबाइलने फोटो काढायला लावला. ३५ किलोमीटर ही खोली उगाच निवडलेली नाही. २२ मे १९९७ च्या पहाटे जबलपूरला झालेला भूकंप साधारण एवढाच खोल होता, आणि खोल भूकंपाच्या रेघेत एक फसवी जागा असते. पुतणी नेमकी त्याच जागी अडकली. दोन्ही बाण तिने खऱ्या लहरींवरच ठेवले होते. फक्त त्या दोन लहरी एकमेकींच्या जोडीदार नव्हत्या. त्यामुळे हा सगळा लेख त्या फोटोभोवतीच फिरवतो.

फोटो काढताना

भूकंपालेखात सगळं वेळेवर मोजायचं असतं आणि कागदावर वेळ म्हणजे लांबी. फोटो तिरका आला की लांबी बिघडते, म्हणजे वेळच बिघडते. ड्रमचा कागद काढून टेबलावर सपाट ठेवता आला तर उत्तमच. ते शक्य नसेल तर फोन ड्रमच्या बरोबर समोर धरा आणि भूकंपाचा भाग चौकटीच्या मधोमध घ्या. ड्रम गोल असल्यामुळे कडेकडची अंतरं फोटोत आखडलेली दिसतात. जवळ जाऊन टिपण्यापेक्षा दोन हात मागे सरून थोडं झूम करणं चांगलं, कारण फार जवळून काढलेल्या फोटोत मधला भाग फुगतो आणि कडा आकसतात. फ्लॅश बंद ठेवा. शाईच्या रेघेवर चमक पडली की नेमकी पहिली थरथरच पांढरी होऊन जाते.

फोटोत भूकंपाच्या आधीची निदान दोन मिनिटं आणि नंतरची बरीच मिनिटं आली पाहिजेत. शिवाय कागदाच्या कडेला हाताने लिहिलेली तारीख आणि तास यांचा वेगळा फोटो काढून ठेवा. व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साध्या फोटोत फाइल दाबली जाते, बारीक रेघेच्या कडा पुसट होतात, आणि आपल्याला तर त्या कडेवरच बोट ठेवायचं असतं.

भूकंपाकडे पाहण्याआधी कागद वाचा

ड्रम हळूहळू फिरतो आणि पेन त्याच वेळी बाजूला सरकत जातं. म्हणून कागदावर एकाखाली एक अशा रेघांच्या ओळी दिसतात. ओळ डावीकडून उजवीकडे वाचायची, संपली की खालच्या ओळीवर यायचं. प्रत्येक ओळीवर ठरावीक अंतरावर एक बारीक खाच किंवा उडी दिसते. ती मिनिटखूण. घड्याळ दर मिनिटाला पेनला हलकासा धक्का देतं, तासाला जरा लांब. नवशिक्या माणसाला कधीकधी ही खूणच भूकंप वाटते. पण तीच आकृती दर मिनिटाला, त्याच उंचीने, प्रत्येक ओळीत दिसत असेल तर ते घड्याळाचं काम आहे.

मोजपट्टी घेऊन दोन खुणांमधलं अंतर मोजा. आमच्या ड्रमवर ते ६० मिलिमीटर आहे, म्हणजे एक मिलिमीटर बरोबर एक सेकंद. काही यंत्रांवर मिनिटाला ३० किंवा १५ मिलिमीटरच असतात. १५ चा कागद असेल तर जवळच्या भूकंपात पी आणि एस एकमेकांना खेटून येतात आणि हा खटाटोप करण्यात अर्थ राहत नाही.

फोटोवर मात्र मिलिमीटर विसरा. तिथे पिक्सेल मोजायचे, तेही त्या-त्या मिनिटाचे वेगळे. आमच्या फोटोत भूकंप ज्या मिनिटात सुरू झाला ते मिनिट ३९६ पिक्सेल लांब होतं आणि त्याच्या पुढचं ३८८. ड्रमच्या गोलाईचा आणि हाताच्या कलण्याचा हा परिणाम. सगळ्या फोटोला एकच माप लावलं तर प्रत्येक मिनिटाला सेकंदभराची चूक होते, आणि पुढे दिसेल की एक सेकंद म्हणजे आठ किलोमीटर.

वेळेबाबत आणखी एक गोष्ट. भूकंपाचे कागद बहुतेक ठिकाणी जागतिक वेळेवर चालतात, आपल्या वेळेच्या साडेपाच तास मागे. कागदावर १४:३७ असेल तर नागपूरच्या घड्याळात रात्रीचे आठ वाजून सात मिनिटं झालेली असतात. हे आधीच वहीत लिहून ठेवलेलं बरं. रात्रीचे आठ आहेत की दुपारचे दोन, यावरून पुढे एक शंका सुटणार आहे.

पहिली थरथर: पी

पी लहर खडकाला पुढेमागे दाबत आणि ताणत येते. पृथ्वीच्या कवचाच्या वरच्या भागात तिचा वेग सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर. एस लहर खडकाला आडवी हलवत येते, सुमारे ३.५ किलोमीटर वेगाने. दोघी एकाच क्षणी निघतात आणि वाटेत पी पुढे जाते. जितकं अंतर लांब तितकी दोघींमधली फट मोठी. आपल्याला ती फट मोजायची आहे.

पी शोधायचा तर आधी पी नसलेली रेघ पाहायची. भूकंपाच्या आधीच्या दोन मिनिटांत रेघ किती हलते आहे? नागपूरसारख्या शहरात ती कधीच सरळ नसते. रिंग रोडवरचे ट्रक, शेजारच्या इमारतीतला पंप, जिन्यावरून धावणारी पोरं, सगळं त्यात असतं. आमच्या कागदावरही मी मुद्दाम अशी कुरकुर घातली होती, फोटोत साधारण पाच पिक्सेल उंचीची. ही उंची वहीत लिहा.

आता डावीकडून उजवीकडे सरका. दोन बदल एकाच जागी झाले आहेत का ते पाहा. रेघेची उंची वाढली पाहिजे आणि तिची चालही बदलली पाहिजे. पी जवळच्या भूकंपात दाट, चुणचुणीत, सुईने टाके घालावेत तशी दिसते. नुसती उंची वाढली आणि चाल तीच राहिली, तर तो बहुधा जरा मोठा ट्रक असतो. ट्रकची आकृती चातीसारखी, हळूहळू फुगणारी आणि तितक्याच हळू ओसरणारी. भूकंप एका बाजूने तुटक असतो. तो एकदम सुरू होतो आणि नंतर कितीतरी वेळ रेंगाळतो. शिवाय ट्रकनंतर रेघ पुन्हा शांत होते. पीनंतर ती एस येईपर्यंत शांत होत नाही.

सुरुवातीची जागा रेघेच्या मधल्या पातळीवर वाचा, उसळीच्या टोकावर नाही. शाईचं पेन लांब दांड्याला लावलेलं असेल तर ते वर-खाली जाताना सरळ जात नाही, कमानीत फिरतं. मोठ्या हेलकाव्याचं टोक त्यामुळे कागदावर एखाद-दोन मिलिमीटर पुढे किंवा मागे सरकलेलं असतं. टोकावर बोट ठेवलंत तर तेवढ्या सेकंदांची चूक.

आमच्या फोटोत स्पष्ट, ठसठशीत सुरुवात १४:३७ च्या खुणेपासून २७७ पिक्सेलवर होती. २७७ ला ३९६ ने भागून ६० ने गुणलं की ४२ सेकंद येतात. मात्र पुतणीचा बाण इथे नव्हता. तो २४० पिक्सेलवर होता, म्हणजे ३६.४ सेकंदांवर. तिथे रेघ जेमतेम नऊ पिक्सेल उठली होती. कुरकुर पाचाची आणि हे नऊ. पोरीचे डोळे चांगले आहेत. ती वळवळ खरी होती, आणि चूक तिथूनच सुरू झाली.

मोठी लाट: एस

एस पीपेक्षा मोठी असते हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि नेमकं त्यामुळेच तिची जागा चुकते. माणूस सगळ्यात उंच शिखर शोधतो. एसची सुरुवात शिखरावर नसते, शिखराच्या पायथ्याशी असते, आणि तो पायथा पीच्या उरलेल्या थरथरीत बुडालेला असतो.

म्हणून आधी उंची पाहू नका, रुंदी पाहा. पीमध्ये एका सेंटिमीटरमध्ये जितक्या लाटा बसतात त्याहून एसमध्ये कमी बसतात. दाट टाक्यांच्या जागी जरा ऐसपैस हेलकावे सुरू होतात. मी मुलांना कागदाचं एक जाड कार्ड देतो. रेघेचा एस वाटणारा भाग कार्डाने झाकायचा आणि फक्त पीचा भाग नीट पाहून घ्यायचा. मग कार्ड हळूहळू उजवीकडे सरकवायचं. ज्या जागी ‘ही वेगळी रेघ आहे’ असं वाटेल तिथे थांबायचं. मग उलट करायचं, पीचा भाग झाकून उजवीकडून डावीकडे यायचं. दोन्ही वेळी थांबलेल्या जागा क्वचितच एक येतात. त्यांच्यामधला पट्टा म्हणजे तुमची अनिश्चितता, आणि ती लपवायची नसते, लिहायची असते.

दुसरी युक्ती फोटोपुरती. फोटो संपादनाच्या कुठल्याही ॲपमध्ये प्रत घेऊन तिची रुंदी एक तृतीयांश करा, उंची तशीच ठेवा. रेघ आडवी दाबली जाते आणि उंचीतली पायरी एकदम डोळ्यांत भरते. खरा कागद हातात असेल तर तो डोळ्यांच्या पातळीला आडवा धरून रेघेच्या दिशेने पाहिलं तरी हेच होतं. दाबलेल्या प्रतीवर जागा फक्त हेरायची. मोजमाप मूळ फोटोवरच.

तुमच्या यंत्राचा काटा वर-खाली हालचाल टिपतो की आडवी, हेही विचारून घ्या. दुरून आलेल्या लहरी यंत्राखाली बऱ्याचशा खालून वर येतात. मग पीचं पुढेमागे हलणं वर-खाली हालचालीत नीट उतरतं आणि एसचं आडवं हलणं आडव्या यंत्रात. तीन यंत्रांचे तीन कागद असतील तर पी उभ्या यंत्रावर शोधा आणि एस आडव्यांवर. एकच उभं यंत्र असेल तर एस अपेक्षेपेक्षा दुबळी दिसेल. ते चालायचंच.

आमच्या फोटोत मोठ्या लाटेचा पायथा १४:३८ च्या खुणेपासून ६५ पिक्सेलवर होता. हे मिनिट ३८८ पिक्सेलचं. ६५ भागिले ३८८ गुणिले ६०, म्हणजे १० सेकंद. याबाबत पुतणीचं आणि माझं एकमत होतं.

जोडी जुळवणं

आता हिशेब. सहा आणि साडेतीन या वेगांवरून एक साधं सूत्र निघतं:

अंतर (किलोमीटर) = ८.४ × (एसची वेळ − पीची वेळ)

८.४ कुठून आला? दोन वेगांचा गुणाकार २१, वजाबाकी २.५, आणि २१ भागिले २.५ म्हणजे ८.४. पुष्कळ जण तोंडी हिशेबाला नुसता ८ घेतात, तेही चालतं.

पुतणीचा पी ३६.४ सेकंदांवर, एस पुढच्या मिनिटाच्या १० व्या सेकंदावर. फट ३३.६ सेकंद, अंतर २८२-२८३ किलोमीटर. माझा पी ४२ वर. फट २८ सेकंद, अंतर २३५. खरं अंतर २३६. तिने जास्त बारकाईने पाहिलं आणि तिचंच उत्तर पन्नास किलोमीटरने चुकलं. तिला ते अन्यायकारक वाटलं आणि मला तिचं म्हणणं पटलं.

खाली काय घडतं ते पाहा. कवचाच्या तळाशी, आपल्या भागात साधारण ४० किलोमीटर खोलीवर, प्रावरण सुरू होतं. तिथे पीचा वेग एकदम ८ किलोमीटरच्या वर जातो. भूकंपातून निघालेल्या लहरींचा एक हिस्सा खाली उतरतो, प्रावरणाच्या माथ्यावरून धावतो आणि यंत्राजवळ पुन्हा वर येतो. गावातला सरळ रस्ता सोडून बाहेरच्या महामार्गाने गेलेली गाडी जशी लांबचा फेरा मारूनही आधी पोचते, तसंच. अंतर थोडं असेल तर फेरा परवडत नाही. दीडेकशे-दोनशे किलोमीटरच्या पुढे मात्र ही महामार्गाची लहर पहिली येते. ती दुबळी असते, आणि तिच्यामागून काही सेकंदांनी सरळ रस्त्याची ठसठशीत पी येते. भूकंप मुळातच खोल असेल तर महामार्गावर उतरायला वेळ लागत नाही आणि दोघींमधली फट आणखी रुंदावते. आमच्या कागदात ती ५.६ सेकंदांची झाली होती.

पुतणीने महामार्गाची पी घेतली आणि सरळ रस्त्याची एस. दोन वेगळ्या वाटांच्या लहरींची वजाबाकी केली. सूत्रातले ६ आणि ३.५ हे दोन्ही वेग सरळ रस्त्याचे आहेत. तेव्हा त्यात सरळ रस्त्याच्याच दोन वेळा घालायला हव्यात.

मग महामार्गाची एस कुठे होती? ती होतीच. माझ्या हिशेबाप्रमाणे ती मोठ्या लाटेच्या साडेआठ सेकंद आधी, म्हणजे १४:३८ ची मिनिटखूण उमटल्यानंतर दीडेक सेकंदाने येत होती. आणि मिनिटखुणेची खाच स्वतःच सुमारे दोन सेकंद रुंद. दुबळ्या एसची सुरुवात घड्याळाच्या धक्क्याखाली झाकली गेली. हे मी ठरवून केलं नव्हतं, आकडे तसे पडले. पण खऱ्या कागदावरही असं होतं. संशयित सुरुवात खुणेवरच पडत असेल तर तिच्यावर विसंबू नका.

कामापुरता नियम असा. दोनशे-चारशे किलोमीटरच्या भूकंपात पहिली वळवळ दुबळी असेल आणि चार ते दहा सेकंदांनी दुसरी, स्पष्ट सुरुवात दिसत असेल, तर दोन्ही वेळा लिहून ठेवा. मोठ्या लाटेशी वजाबाकी करताना स्पष्ट सुरुवात घ्या. पहिली वळवळ टाकून देऊ नका. भूकंप लांबचा किंवा खोल आहे याचा तोच पुरावा. फक्त तिची जोड तिच्या जोडीदाराशीच.

दुसरी एक पडताळणीही हातासरशी होते. फटीला १.४ ने गुणलं की पीला प्रवासाला लागलेला वेळ मिळतो. २८ गुणिले १.४ म्हणजे ३९ सेकंद. पी १४:३७:४२ ला आली, तर भूकंप १४:३७:०३ च्या आसपास झाला. खऱ्या भूकंपाचा फोटो असेल तर ही वेळ राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राच्या यादीशी ताडून पाहा. दोन-चार सेकंदांत जुळली तर जोडी बरोबर. दहा-पंधरा सेकंदांचा फरक आला तर बहुतेक वेळा एस दुसऱ्याच कुठल्या लाटेवर ठेवलेली असते.

अंतर वाढलं की सगळ्यात मोठी लाट एस राहत नाही

३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप नागपूरपासून सुमारे ४४० किलोमीटरवर झाला. २६ जानेवारी २००१ चा भूजचा आणि २५ एप्रिल २०१५ चा नेपाळचा, दोन्ही साडेनऊशे किलोमीटरच्या आसपास. एवढ्या अंतरावर कवचात कोंडून राहिलेल्या आणि जमिनीच्या पृष्ठभागालगत पसरलेल्या लहरी एसच्या मागून येतात आणि तिच्यापेक्षा कितीतरी उंच उडतात. साडेनऊशे किलोमीटरला ढोबळ हिशेब केला तर पहिली पी दोन मिनिटांच्या थोडी पुढे, पहिली एस साडेतीन मिनिटांच्या पुढे, आणि सगळ्यात मोठ्या लाटा साडेचार-पाच मिनिटांनी. इथे उंच शिखराला एस म्हटलं तर भूकंप बाराशे-तेराशे किलोमीटरवर जाऊन पडतो.

ओळखायची खूण पुन्हा रुंदीचीच आहे. पृष्ठीय लाटा लांब आणि संथ असतात. कागदावर त्यांचे हेलकावे सहज मोजता येतात, एकेकाला दहा-वीस सेकंदही लागतात. उंच शिखर दिसलं की त्याच्या डावीकडे जा आणि विचारा, याच्या आधी आणखी एक पायरी आहे का? दोन पायऱ्या दिसल्या तर पहिली एसची. आणि इतक्या अंतरावर ८.४ चं सूत्र बाजूला ठेवून प्रवासवेळेचा तक्ता घ्या. लहरी खोलवरून वाकून येतात, सरळ रस्ता उरतच नाही.

खाणीतला सुरुंग

उमरेडची कोळसा खाण शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर. तिथला सुरुंग आमच्या ड्रमवर उतरतो तेव्हा फट पाच-सहा सेकंदांची, म्हणजे कागदावर पाच-सहा मिलिमीटर. स्फोट खडकाला सगळीकडे बाहेर ढकलतो, आडवा हिसका फारसा देत नाही, म्हणून त्यात पी जोरदार आणि एस दुबळी असते. मागून मात्र संथ पृष्ठीय लाटांची माळ येते आणि नवशिका तिलाच एस समजतो. वेळ दिवसाउजेडी असेल, आकृती परवाच्या आणि तेरवाच्या दुपारच्या आकृतीसारखीच असेल, आणि उभ्या यंत्रावर पहिली हालचाल वरच्या दिशेने असेल, तर सुरुंगाचा संशय घ्यावा. संशयच. एका कागदावरून शिक्कामोर्तब होत नाही. आमच्या सरावाच्या कागदावर रात्रीचे आठ वाजले होते, तेव्हा तिथे हा प्रश्न मिटला.

रेघ जिथे नाहीशी होते

मोठ्या भूकंपात पेन वरच्या-खालच्या ओळींवर चढतं आणि सगळं काळं होऊन जातं. अशा वेळी काळ्या ढिगाच्या डाव्या कडेपासून मूळ ओळ बोटाने धरून मागे या. पी बहुतेक वेळा शाबूत असते. एसची सुरुवात काळ्यात गेली असेल तर तसं लिहा आणि अंदाजाने बाण मारू नका.

जुन्या फोटोकागदाच्या यंत्रांवर याच्या उलट होतं आणि ते पहिल्यांदा पाहणाऱ्याला फार गोंधळात टाकतं. तिथे पेन नसतं, आरशावरून आलेला प्रकाशाचा ठिपका संवेदनशील कागदावर फिरतो. ठिपका जितका जोरात फिरेल तितका तो एका जागी कमी वेळ थांबतो, आणि रेघ तितकी फिकी पडते. म्हणजे सगळ्यात जोराच्या हालचालीच्या जागी कागद कोरा दिसतो. मी स्वतः पहिल्यांदा असा कागद पाहिला तेव्हा ‘इथे दिवा गेला असावा’ असं वहीत लिहिलं होतं. एस तिथेच होती. अशा फोटोत उजेड-अंधाराचा फरक वाढवून पाहिला की कोऱ्या पट्ट्याच्या वर आणि खाली, जिथे ठिपका वळताना क्षणभर थांबला, तिथे फिकट ठिपक्यांची झालर उगवते. झालर सुरू होते ती जागा एसच्या जवळची.

किती चूक धरायची

आमच्या फोटोत एक सेकंद म्हणजे ६.६ पिक्सेल, आणि रेघेची स्वतःची जाडी चार पिक्सेल. म्हणजे पी कितीही स्वच्छ असली तरी अर्ध्या सेकंदाच्या आतबाहेर सांगता येत नाही. एसला दीड-दोन सेकंद सहज. एकूण फरक दोन सेकंदांचा धरला तर अंतर सतरा किलोमीटरने इकडे-तिकडे. २३५.२ असं दशांशात लिहिण्यात म्हणून काही अर्थ नाही. ‘सुमारे २३५, अधिकउणे १५ ते २०’ असं लिहावं. दोघांनी एकमेकांचे बाण न पाहता वेगवेगळ्या प्रतींवर खुणा करायच्या आणि मग जुळवायच्या. आमच्या घरात आता हाच शिरस्ता आहे, कारण काकांचा बाण आधी दिसला की पुतणीचा बाण आपोआप तिथे सरकतो. तीव्रता मात्र फोटोवरून सांगू नका. त्यासाठी यंत्र हालचाल किती पटीने मोठी करून काढतं ते ठाऊक असावं लागतं आणि फोटोत ते नसतं.

अंतर मिळालं की पुतणीने नकाशावर झिरो माइलवर कंपासचं टोक रोवलं आणि २३५ किलोमीटरचं वर्तुळ काढलं. ते उत्तरेला जबलपूरजवळून गेलं आणि पश्चिमेला अकोला आणि शेगावच्या मधून. “मग भूकंप कुठे झाला?” तिने विचारलं. या वर्तुळावर कुठेही. एका कागदावरची फट फक्त अंतर देते, दिशा देत नाही. भूज पश्चिमेला आणि नेपाळ उत्तरेला, पण नागपूरच्या कागदावर दोघांची फट जवळजवळ सारखीच निघते. अपिकेंद्राची जागा हवी असेल तर आणखी दोन गावांचे कागद लागतात, आणि त्या दोन्ही फोटोंवर हीच सगळी मोजणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.